गळती पंचेचाळीस टक्के

माया तेलगोटे आमच्या हॉस्पिटलात आली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही बाई इथे वर्षभर टिकली तर मिशी काढीन. ती चार वर्षं टिकली. मिशी अजून आहे, कारण मनातल्या पैजेला साक्षीदार नसतो.

मी अकोल्याच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात हिशेब बघतो. लोक मला भगवंतभाऊ म्हणतात, आणि बिल अडकलं की आणखीही काही म्हणतात. माया पातूरची. वडील पुंजाजी तिथे पोस्टमन होते. अमरावतीला एमबीए करून ती आमच्याकडे एचआर अधिकारी म्हणून लागली. म्हणजे माणसं घ्यायची, त्यांचे पगार ठरवायचे, ती गेली की नवी शोधायची, आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. उंची बेताची, आवाज मोठा, आणि खरं बोलताना समोरच्याचा हुद्दा बघायची सवय नाही. आमच्याकडे या सवयीला उद्धटपणा म्हणतात. मी त्याला उद्धटपणाच म्हणत असे, पण कौतुकानं.

आमच्या हॉस्पिटलात एक हिरवं लोखंडी कपाट होतं. नव्या नर्सला कामावर घेतलं की तिची मूळ प्रमाणपत्रं त्यात जायची. नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलची नोंदणी, दहावीचा दाखला, सगळं. ती सोडून जाते म्हणाली तर कागद मिळायला दोन-दोन महिने. आमच्या मुख्य डॉक्टरसाहेबांच्या मते ही पोरी टिकवायची रीत होती. बाकी कित्येक हॉस्पिटलांत हीच रीत आहे, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. गावात सगळेच लंगोटीत असले की धोतरवाला वेडा ठरतो. माया रुजू झाली त्या दिवशी तिचीही डिग्री मागितली. तिनं दिली, कारण तिला नोकरी हवी होती. देताना म्हणाली, "ठेवा. पण या कपाटाची चावी माझ्या खात्यात येते ना?" येत होती. तेव्हा सगळे हसले.

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीची गोष्ट निघाली. बडनेरा रोडला ट्रस्टला जागा मिळाली होती आणि तिथे शाखा काढायची होती. बँकेला कर्जासाठी पुढच्या तीन वर्षांचं पत्रक हवं होतं: किती माणसं घेणार, कधी घेणार, पगाराचा खर्च वर्षागणिक किती वाढणार. आमचे मुख्य डॉक्टर किशोर राऊत. त्यांच्या हाताला यश आहे, आणि गरिबाचं ऑपरेशन फुकट करून वर त्याला घरी जायला भाडं देणारा हा माणूस आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यांच्यावर मला चिडायचं आहे.

डॉक्टरांनी मायाला बोलावलं, मलाही बोलावलं. म्हणाले, "अकोल्याच्या साठ नर्स आहेतच. अमरावतीला पहिल्या वर्षी वीस घेऊ, दुसऱ्या वर्षी वीस. पगारवाढ पाच टक्के धरा. सोडून जाणाऱ्या दहा टक्के. झालं पत्रक."

माया म्हणाली, "दहा टक्के कुठून आलं, सर?"

"अहो, खरं तर शून्य आहे. मागच्या मार्चअखेर साठ नर्स होत्या, या मार्चअखेर साठच आहेत. बँकेला शून्य खोटं वाटेल म्हणून दहा म्हटलं."

मी मान डोलावली. माझ्याही पगारपत्रकात दोन्ही मार्चला साठच नावं होती. माया उठली आणि माझ्याच टेबलाशी येऊन बसली. कूलर तिच्याकडे फिरवून घेतला, तेही मला न विचारता.

"भगवंतभाऊ, साठ नावं होती. पण तीच होती का?"

आता हे इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. आम्ही डोकी मोजत होतो, माणसं मोजत नव्हतो. नर्स गेली, दुसरी आली, पटावर साठच. कुणी जूनला आली आणि नोव्हेंबरला गेली तर ती कुठल्याच मार्चमध्ये दिसत नव्हती. मायानं बारा महिन्यांची पगारपत्रकं शेजारी शेजारी लावली आणि जाणाऱ्यांची नावं वेगळी काढली. सत्तावीस. साठ जागांवर सत्तावीस जणी गेल्या होत्या. पंचेचाळीस टक्के. आणि आम्ही बँकेला दहा सांगायला निघालो होतो.

"आता एक जण गेली की आपल्याला किती पडते ते काढू," ती म्हणाली.

मी म्हटलं, "जाहिरात आणि एजंट, धर दहा हजार."

"मेडिकल, युनिफॉर्म, रुजू करायचा बाकी खर्च?"

"पाच."

"आणि जागा रिकामी असते तेव्हा बाकीच्यांना जो ओव्हरटाइम देता तो? नवी पोरगी पहिला महिनाभर एकटीनं ड्युटी घेऊ शकत नाही, तेव्हाचा?"

इथे मला तिला पकडायचा मोका मिळाला. "पण बाई, जागा रिकामी असते तेव्हा तिचा पगार वाचतो ना! तो धरला का?"

"तो वजा करून पंचवीस हजार उरतात." तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. वजा केलेला होता. मी तिथल्या तिथे दोनदा तपासला, कारण माझा स्वभावच तसा आहे. बरोबर होता.

म्हणजे एक नर्स गेली की चाळीस हजार. सत्तावीस जणींचे दहा लाख ऐंशी हजार. एका नर्सचा महिन्याचा खर्च, आमचा पीएफचा वाटा धरून, सरासरी अठरा हजार. साठ जणींचा महिन्याचा दहा लाख ऐंशी हजार. दोन्ही आकडे एकच निघाले तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

माया म्हणाली, "आपण वर्षाला तेरा महिन्यांचा पगार देतो, भगवंतभाऊ. तेरावा कुणाच्याच हातात पडत नाही."

मला राग आला. तिचा नाही, स्वतःचाही नाही, त्या पैशाचा. इतकी वर्षं मी पाच-पाच रुपयांच्या व्हाउचरवर सह्या मागत बसलो आणि हे असं गळत होतं.

पोरी जातात कशाला, हे तिनं कागदावर शोधलं नाही. ती वॉर्डात गेली. रुख्मिणी सिस्टर आमच्याकडे नऊ वर्षं होत्या. अतिदक्षता विभागात त्या उभ्या असल्या की डॉक्टरही निवांत जेवायला जात. त्यांना मायानं विचारलं, "सिस्टर, तुम्ही का नाही गेलात?"

"मी येडी हाय म्हनून," रुख्मिणीबाई सलाइन लावता लावता म्हणाल्या. "थे भावना पाह्यली ना तुमी? दोन वर्सं राह्यली, सोडून गेली. चार महिन्यानं वापस आली तं तिले सतरा हजार. मले नऊ वर्सानं साडेपंधरा. नवीन मानसाले बाजारभाव देता अन् जुन्याले पाच टक्के. मंग जाऊन वापस येनंच फायद्याचं नाई का? माहा कागद त्या कपाटात अडकला नसता तं मीबी एक चक्कर मारून आली असती."

सगळा रोग त्या एका बोलण्यात होता. नवीन माणूस मिळावं म्हणून सुरुवातीचा पगार दरवर्षी वाढवायचा आणि जुन्यांचा तसाच रांगू द्यायचा. पुढे आश्चर्य करायचं की जुनी का जातात.

मायानं आपलं पत्रक बांधलं. पहिल्या वर्षी बारा टक्के वाढ, त्यातली बरीचशी जुन्या नर्सना, म्हणजे नवीन पोरगी जुनीच्या वर जाणार नाही. मग दोन वर्षं सहा-सहा टक्के. गळती पंचेचाळीसवरून तीस, मग वीस, मग अठरा. अमरावतीला वीस आणि वीस नव्हे; पंधरा, पंधरा, दहा. मला वाटलं, आता ती म्हणेल की वाढ दिली तरी खर्च कमीच होतो. एमबीएवाले असं म्हणतात. ती म्हणाली नाही.

डॉक्टरांपुढे पत्रक ठेवून तिनं आधीच सांगितलं, "सर, अकोल्याच्या साठ जणींचं धरलं तर पाच टक्के वाढ आणि आजची गळती, यापेक्षा माझं पत्रक तीन वर्षांत सतरा लाखांनी महाग आहे. भरतीचा खर्च निम्म्यावर येतो, पण पगाराची वाढ त्याहून मोठी आहे. फुकटात होतंय असं मी म्हणणार नाही."

"मग मी कशाला घेऊ?"

"कारण तुमचं पत्रक घडूच शकत नाही. आपल्याकडे आजवर एका वर्षात जास्तीत जास्त पस्तीस नर्स मिळाल्या. पहिल्याच वर्षी गेलेल्या सत्तावीस भरा आणि अमरावतीच्या वीस घ्या, सत्तेचाळीस होतात. वरच्या बारा कुठून आणायच्या? अमरावतीला इमारत उभी राहील, हप्ता सुरू होईल, आणि खाटांजवळ कुणी नसेल. माझ्या पत्रकात अठरा आणि पंधरा, तेहेतीस. तेवढ्या मिळतात."

डॉक्टरांनी ती बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण कळणं आणि मानणं यांत आमच्या अकोल्याची मोर्णा नदी असते आणि उन्हाळ्यात आटली तरी लोक ती ओलांडत नाहीत. शेवटी ते म्हणाले, "इतका पगारखर्च दाखवला तर बँक कर्ज कमी करेल. दहा टक्के लिहा. आणि गळतीचं म्हणाल तर कपाट आहे ना. आता दोन महिन्यांऐवजी सहा महिने कागद सोडायचे नाहीत. बघू कोण जातं."

माया म्हणाली, "कपाट आहे तरी सत्तावीस गेल्या, सर. कपाटानं फक्त रुख्मिणी सिस्टर थांबल्या, आणि त्यांना आपण सगळ्यात कमी देतो. आणि कुणाचे मूळ कागद अडवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही, हे मी पहिल्या वर्षीही लिहून दिलं होतं."

"तुम्ही दहा टक्के लिहा. सोमवारी ट्रस्टींची बैठक आहे."

बाहेर आल्यावर मी तिला समजावलं. म्हटलं, "पोरी, पाण्यात राहून मगराशी वैर करू नये." ती म्हणाली, "भगवंतभाऊ, तुमी पोहाले शिका अगोदर. मगराचं मी पाहून घेतो." इतर वेळी ती माझ्याशी शुद्ध बोलायची. वऱ्हाडी निघाली की समजायचं, आता ऐकणार नाही.

शनिवारी तिनं हिरवं कपाट उघडलं.

लपूनछपून नाही. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दरवाजा सताड उघडा ठेवून. वॉर्डावॉर्डात निरोप पाठवला: आपले मूळ कागद घेऊन जा, पोच लिहून द्या. एकेक पोरगी यायची, आधी दारातच थबकायची, आपलं पाकीट हातात आलं की उघडून आत खरंच तेच आहे का बघायची. एक जण तर रडायलाच लागली. तिच्या भावाच्या लग्नात घरच्यांनी विचारलं होतं, डिप्लोमा दाखव, आणि दाखवायला नव्हता. रुख्मिणीबाई आल्या, पाकीट पदराखाली धरलं आणि म्हणाल्या, "आता सांगजा तुह्या साहेबाले, मी जाऊ शकतो म्हनून." आणि अतिदक्षता विभागात परत गेल्या.

साठ पाकिटं गेली. एकसष्टावं तिथेच राहिलं. मी म्हटलं, "तुझं?"

"माझं नाही काढत. उद्या कुणी म्हणेल, स्वतःसाठी कपाट उघडलं."

मला त्या वेळी तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकी भीतीही वाटली की मी उगाच तिच्यावरच ओरडलो, चहा गार होतोय म्हणून.

सोमवारच्या बैठकीला अध्यक्ष खुशालराव आले. बोरगावकडे काळ्या जमिनीचे धनी, ट्रस्ट त्यांच्या वडिलांनी काढलेला. वय झालं आहे, पण कान शाबूत आहेत. डॉक्टरांनी कपाटाचं सांगितलं. आवाज चढला होता. "विश्वासघात आहे हा. उद्यापासून सगळ्या पोरी निघून जातील. हिनं हॉस्पिटल उघडं पाडलं."

खुशालरावांनी मायाकडे पाहिलं. "बाई, तुले कोनं सांगतलं कपाट उघडाले?"

"कुणीच नाही. चावी माझ्याकडे होती, कागद त्यांचे होते." मग तिनं दोन्ही पत्रकं त्यांच्यापुढे ठेवली. "भाऊसाहेब, गळती दहा टक्के लिहायला सांगितलं होतं. मी लिहिणार नाही. माझी सही पंचेचाळीसवर आहे. आता नर्सचे कागदही कपाटात नाहीत, म्हणजे या पोरी थांबल्या तर पगारासाठी आणि मानासाठी थांबतील. तेवढ्यावर किती थांबतात ते माझ्या पत्रकात आहे. पहिल्या तीन महिन्यांत पाच जातील. साठ जातील असं डॉक्टर म्हणतात. आपण थांबून बघू."

खुशालरावांनी पत्रक हळूहळू वाचलं. एके ठिकाणी बोट ठेवलं. "हे बारा टक्के पुढच्या वर्सी कमी करता येते का?"

"नाही. पगार एकदा वाढला की तोच पुढच्या वाढीचा पाया होतो. म्हणून सतरा लाख जास्त लागतात, असं मी पत्रकात लिहिलं आहे. ते लपवलेलं नाही."

"हे बरं केलं." ते खुर्चीत मागे टेकले. "डॉक्टर, आमच्याकडे शेतावर वर्सभराले सालदार अक्षयतृतीयेले धरतेत. साल सुरू व्हाच्या अगोदर उचल देतो, थोबी एक फासच हाय. तरी ज्याले जाचं थो ऐन पेरनीत निघून जाते. राहते थो, ज्याच्या ताटात दुसऱ्याच्या सालदारापेक्षा कमी वाढत नाई. मले तं बाप्पा हे पोरीचं समजून राह्यलं. बँकेले हेच द्या. कर्ज कमी भेटन तं कमी खाटा टाका."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण डॉक्टर उठून उभे राहिले. ते दुखावले होते, आणि दुखावलेला मोठा माणूस लहान होतो. म्हणाले, "पत्रक घ्या. पण ज्यानं संस्थेची शिस्त मोडली त्यानं लेखी माफी मागितलीच पाहिजे. नाहीतर मी इथे राहत नाही."

 ऑपरेशन थिएटर डॉक्टरांवर चालतं, हे सगळ्यांना माहीत होतं. खुशालराव अवघडले. मायाकडे बघून जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "दोन ओळी लिहून दे ना, पोरी. काय जाते तुह्य?"

"साठ पोरींना त्यांचे कागद दिले, याची माफी? नाही लिहिणार, भाऊसाहेब."

"मग तुमच्या जागी आम्हाला दुसरं माणूस शोधावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

माया म्हणाली, "हो. शेवटच्या पानावर खालची ओळ बघा, सर."

डॉक्टरांनी पान उलटलं. मी तो कागद टाइप केला होता, पण ती ओळ तिनं नंतर घातली होती. एचआर अधिकारी, जागा एक. पहिल्याच वर्षी सोडून जाणार, असं धरलं. नव्या माणसाचा भरतीखर्च लावला. पगार आत्ताच्यापेक्षा वीस टक्के जास्त, बाजारभावानं. जागा भरायला दीड महिना.

"मी चार वर्षं इथे आहे. माझाही पगार पाच टक्क्यांनीच रांगला," ती म्हणाली. तिनं चावी टेबलावर ठेवली. "कपाटात आता एकच पाकीट आहे. तेवढं द्या."

डॉक्टर हलले नाहीत. खुशालराव उठले. काठी टेकत शेजारच्या खोलीतल्या कपाटापर्यंत गेले, स्वतः कुलूप काढलं, पाकीट आणलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.  तिनं वाकून त्यांना नमस्कार केला, डॉक्टरांनाही केला, आणि निघाली. दारात मला म्हणाली, "भगवंतभाऊ, पोच लिहून देऊ का?" मी नको म्हणून मान हलवली.

जूनपासून वाढ लागू झाली. ऑगस्टअखेर मी नावं मोजली, या वेळी डोकी नाही, माणसं. पाच जातील म्हणाली होती, चार गेल्या. रुख्मिणी सिस्टर आहेत. डिप्लोम्याला त्यांनी फ्रेम केली आणि घरी टीव्हीच्या वर लावली. बडनेरा रोडला पंधरा पोरींची भरती चालू आहे. माया आता अमरावतीलाच एका मोठ्या हॉस्पिटलात आहे. रुजू होताना तिथे मूळ कागद मागितले, तिनं झेरॉक्स दिली आणि मूळ समोर धरून दाखवून परत पिशवीत ठेवलं, असं फोनवर हसत सांगत होती. डॉक्टरांनी परवा तिचं पत्रक स्वतःहून मागवून घेतलं आणि बराच वेळ वाचत बसले.

इतकं नेमकं पत्रक मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. त्यात एकच अंदाज साफ चुकला. तिची जागा दीड महिन्यात भरेल असं तिनं लिहिलं होतं. आज सकाळी त्या जागेच्या चौथ्या जाहिरातीचं बिल माझ्या टेबलावर आलं आहे.